स्लॅब बारा दिवस लांबला, मग ताबा किती?

नाशिकला एका कुटुंबाच्या दुमजली बंगल्याचं काम सुरू आहे, असं धरू. दुसरा स्लॅब 8 ऑक्टोबरला भरायचा होता, तो भरला 20 ऑक्टोबरला. आता ठेकेदाराच्या प्रकल्प व्यवस्थापकाला मालकांना पत्र लिहायचंय. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ अशी सुरुवात केली, की मालकांचा विश्वास तिथेच उडतो.

कारणं दोन आहेत. सळई बारा दिवस उशिरा आली आणि बाल्कनीच्या बदललेल्या नकाशाला मालकांनी होकार द्यायला नऊ दिवस घेतले. दोन्हींची बेरीज करून एकवीस दिवस दाखवण्याचा मोह होतो. पण ते नऊ दिवस सळईची वाट पाहण्यातच गेले. होकार लगेच मिळाला असता, तरी स्लॅब 20 तारखेलाच पडला असता. म्हणून पत्रात उशीर बाराच दिवसांचा लिहायचा, आणि सळई आणणं ठेकेदाराकडे असेल तर तो त्याच्याच नावावर. नकाशाचा उल्लेख जरूर करावा, पण दिवस न मोजता.

हे बारा दिवस भरून कुठे काढायचे? टेकू लवकर काढून तर नाहीच. बांधकामाच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला साधारण चौदा दिवस ठेवावे लागतात. राखमिश्रित सिमेंट असेल, तर ते हळू घट्ट होत असल्याने आणखी थांबावं लागतं. घाई केली तर स्लॅब झोल खातो, चिरा पडतात. पाणी मारण्याचे दिवसही कापता येत नाहीत. वाचवता येतो तो पुढच्या कामाचा वेळ. वरच्या मजल्याचं विटकाम चालू असताना खाली प्लास्टरची दुसरी टोळी लावली, तर समजा पाच दिवस वाचतील. उरले सात. 31 मार्चचा ताबा 7 एप्रिलला.

पत्राचा गाभा असा असेल:

‘सप्रेम नमस्कार. सळई आम्ही वेळेत आणू शकलो नाही, त्यामुळे स्लॅब बारा दिवस लांबला. टेकू 3 नोव्हेंबरच्या आधी निघणार नाहीत. प्लास्टरची दुसरी टोळी आमच्या खर्चाने लावत आहोत. ताबा 7 एप्रिलला देऊ. त्यासाठी फरशीची निवड आपण 15 डिसेंबरपर्यंत कळवावी. ती लांबली, तर पुढची तारीखही लांबेल. स्लॅबनंतरच्या हप्त्यांच्या तारखाही कामाबरोबर पुढे सरकवल्या आहेत.’

हप्त्यांचं हे वाक्य बरेच जण गाळतात, आणि पुढे भांडण नेमकं तिथे होतं. मालकांनीही पत्र हाती आल्यावर 3 नोव्हेंबरवर खूण करावी. त्या दिवशी जागेवर जाऊन बघावं: टेकू निघाले आहेत का, आणि खाली दुसरी टोळी खरंच कामाला लागली आहे का? तसं दिसलं नाही, तर 7 एप्रिलची वाट न बघता त्याच आठवड्यात नवं वेळापत्रक मागावं.