तांदूळ स्वस्त झाला आणि खप घटला

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी बरीच वर्षे एक गोष्ट अगदी रंगवून सांगत असे. आयर्लंडमध्ये 1845 नंतर दुष्काळ पडला, बटाटा महागला आणि गरीब माणसे बटाटा कमी खाण्याऐवजी जास्तच खाऊ लागली, अशी ती गोष्ट. पुढे माझ्याच मनात पाल चुकचुकली. त्या दुष्काळात बटाट्याचे पीकच रोगाने गेले होते. मग बाजारात नसलेला बटाटा लोकांनी जास्त खाल्ला कुठून? तेव्हापासून ती गोष्ट मी बंद केली. पण तिच्यामागचा विचार मात्र खोटा नव्हता.

एखादी वस्तू स्वस्त झाली की घरात दोन गोष्टी एकदम घडतात. समजा, मूगडाळ उतरली आणि तूरडाळ होती तिथेच राहिली. आपण आठवड्यात एखाद-दोनदा तुरीऐवजी मुगाचे वरण करतो. महागाच्या जागी स्वस्त घेणे, हा झाला पर्यायता परिणाम. त्याची ओढ नेहमी स्वस्त झालेल्या वस्तूकडेच असते. दुसरे असे की, तेवढ्याच पगारात आता थोडे पैसे उरतात. पगार न वाढता आपण किंचित श्रीमंत होतो. हा उत्पन्न परिणाम. बहुतेक वस्तू हाती पैसा आला की आपण जास्त घेतो, त्यामुळे दोन्ही परिणाम एकाच दिशेने ओढतात. पण काही वस्तू आपण केवळ नाइलाजाने घेत असतो. पैसा आला की त्या कमी होतात. तिथे ही रस्सीखेच सुरू होते.

आता चीनच्या हुनान प्रांतातल्या एका गरीब कुटुंबाची कल्पना करा. महिन्याला खाण्यासाठी 192 युआन आहेत. पोट भरायला भात आणि मांस मिळून 60 किलो लागते, असे सोयीसाठी धरू. तांदूळ 2 युआन 40 सेंट किलो आणि मांस 12 युआन. हिशेब केलात तर 55 किलो तांदूळ आणि 5 किलो मांस बसते. मांस आणखी हवे आहे, पण ते वाढवले तर पोट भरत नाही. आता तांदूळ 2 युआनवर आला. पूर्वीच्याच खरेदीत 22 युआन वाचले. बाई काय करील? पोट तर भरलेलेच आहे. ती थोडा भात काढून त्या जागी मांस आणील: 7 किलो 200 ग्रॅम मांस, आणि तांदूळ फक्त 52 किलो 800 ग्रॅम. तांदूळ स्वस्त झाला आणि तिने तो कमी घेतला! उलट तो 2 युआन 80 सेंटवर चढला, तर मांस जवळजवळ निम्मे करून ती 57 किलोहून अधिक तांदूळ आणील. इथे उत्पन्न परिणामाने पर्यायता परिणामावर मात केली.

अशा वस्तूंना गिफेन वस्तू म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांनी 1895 मध्ये आपल्या ग्रंथात हे श्रेय रॉबर्ट गिफेन यांना दिले. गंमत म्हणजे गिफेन यांच्या लेखनात ते विधान कुणाला सापडलेले नाही.

खरा पुरावा मिळायला शंभराहून जास्त वर्षे गेली. अडचण अशी की, बाजारात भाव आणि खप दोन्ही एकदम हलतात, मग कोणामुळे कोण हलले ते कळत नाही. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी 2006 मध्ये हुनान आणि गान्सू प्रांतांतली सुमारे 1300 गरीब शहरी कुटुंबे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काहींना पाच महिने सवलतीची कुपने दिली. हुनानमध्ये अर्ध्या किलो तांदळामागे 10, 20 किंवा 30 सेंटची सवलत होती. भाव होता साधारण 1 युआन 20 सेंट. कुपने मिळालेल्या घरांत भाताचा खप घटला आणि सवलत संपल्यावर तो पुन्हा वाढला. गान्सूत गव्हाच्या बाबतीत मात्र पुरावा कच्चा निघाला.

मला यातली सर्वांत बोलकी वाटली ती अगदी तळाची कुटुंबे. ज्यांच्या ताटात भाताखेरीज जवळजवळ काहीच नव्हते, त्यांनी सवलत मिळताच भातच वाढवला. त्यांचे पोटच भरलेले नव्हते, आणि कमी-जास्त करायला मांस तरी कुठे होते? म्हणजे हा उलटा नियम मधल्या अरुंद पट्ट्यातच दिसतो. मुख्य अन्न एकच हवे, खर्चाचा मोठा वाटा त्यावर हवा आणि सोबत थोडेसे महागडे काही परवडत असायला हवे.

महागडे घड्याळ केवळ महाग आहे म्हणून मिरवायला घेणारा यात बसत नाही. उद्या भाव चढणार म्हणून आज कांद्याची गोणी भरणारासुद्धा नाही.

या दोघा संशोधकांनी 2011 मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला. सवलतीमुळे या कुटुंबांचे पोषण सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वाचलेले पैसे चवीच्या पदार्थांकडे वळले होते. स्वस्त धान्य योजना किती किलो धान्य खपले यावरून जोखणाऱ्यांनी त्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून बघावे, असे मला वाटते. खप घटलेल्या घरात कदाचित त्याच महिन्यात थोडे मांस शिजले असेल.