दोन माईक लावले की आवाज पोकळ का येतो? सिग्नल 'सरकवण्याचं' गणित

सभेत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही हे नक्की ऐकलं असेल. वक्त्यासमोर एकच माईक असतो तेव्हा आवाज भरदार येतो. मग कुणीतरी शेजारी दुसरा माईक आणून ठेवतं आणि तोच आवाज अचानक पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटायला लागतो. दोन्ही माईक चांगले, वायर चांगली, स्पीकरही तोच. मग बिघडलं काय?

बिघडलेलं काहीच नसतं. एका माईकमध्ये आवाज दुसऱ्यापेक्षा साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, एवढंच. पण एवढ्याशा उशिराने आवाजातले काही सूर गायब होतात आणि काही दुप्पट होतात. नेमके कोणते, हे आधीच सांगता येतं. त्यासाठी फुरिए ट्रान्सफॉर्मचे दोन नियम पुरतात. एक वेळ सरकवण्याचा आणि दुसरा वारंवारता सरकवण्याचा.

आधी फुरिए ट्रान्सफॉर्म म्हणजे काय?

जोसेफ फुरिए हा फ्रेंच गणितज्ञ. उष्णता पदार्थातून कशी पसरते यावरचा त्याचा ग्रंथ १८२२ साली आला. त्यात त्याने मांडलेली कल्पना अशी की, कितीही वेडीवाकडी लहर असली तरी ती साध्या, एकसारख्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते.

फुरिए ट्रान्सफॉर्म ही त्या बेरजेची यादी देतो. यादीत प्रत्येक वारंवारतेपुढे दोन गोष्टी असतात. पहिली, ती लहर किती मोठी आहे. दुसरी, ती आपल्या फेऱ्यात कुठून सुरू होते. या दुसऱ्या गोष्टीला फेज म्हणतात आणि ती अंशांत मोजतात. घड्याळाचा काटा डोळ्यासमोर आणा. काट्याची लांबी म्हणजे लहरीचा आकार आणि काटा ज्या दिशेला आहे ती त्याची फेज. ५०० हर्ट्झ म्हणजे हा काटा सेकंदाला ५०० फेऱ्या मारतो.

पहिला नियम : वेळ सरकवली की काटे फिरतात

समजा आवाजात तीन सूर आहेत : २५०, ५०० आणि १००० हर्ट्झ. हा आवाज आपण १ मिलिसेकंद उशिरा सुरू केला. काय बदललं?

२५० हर्ट्झच्या सुराला एक फेरा पूर्ण करायला ४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तो पाव फेरा, ९० अंश मागे पडला. ५०० हर्ट्झचा फेरा २ मिलिसेकंदांचा, म्हणून तो अर्धा फेरा, १८० अंश मागे पडला. १००० हर्ट्झचा फेराच १ मिलिसेकंदाचा. तो पूर्ण एक फेरा मागे पडला, म्हणजे काटा होता तिथेच आला.

उशीर सगळ्यांना सारखाच झाला, पण प्रत्येकाचा काटा वेगवेगळ्या कोनात फिरला. वारंवारता जितकी जास्त, तितका कोन मोठा. मात्र एकाही काट्याची लांबी बदलली नाही. गणितात हे असं लिहितात :

```
x(t − T)  →  X(f) · e^(−j2πfT)
```

डावीकडे T इतका उशिरा आलेला सिग्नल आहे. उजवीकडे मूळची यादी, प्रत्येक नोंदीला फिरवणाऱ्या एका संख्येने गुणलेली. त्या संख्येचा आकार नेहमी १ असतो, म्हणून ती फक्त फिरवते, लहानमोठं करत नाही.

म्हणूनच नुसता उशीर कानाला कळत नाही. गाणं एक मिलिसेकंद उशिरा सुरू झालं तर कुणाच्या लक्षात येणार? भानगड सुरू होते ती उशिरा आलेली प्रत मूळ प्रतीत मिसळल्यावर.

आता दोन माईकचं उदाहरण सोडवू

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. दुसरा माईक तोंडापासून ३४ सेंटिमीटर जास्त लांब असेल तर त्याचा आवाज १ मिलिसेकंद उशिरा येणार. मिक्सर दोन्ही आवाजांची बेरीज करतो. दोन्ही आवाज सारख्याच जोराचे धरले तर हिशेब असा :

- २५० हर्ट्झ : ९० अंशांचा फरक. बेरीज २ नाही, सुमारे १.४१ पट.
- ५०० हर्ट्झ : १८० अंशांचा फरक. दोन काटे विरुद्ध दिशेला, बेरीज शून्य.
- ७५० हर्ट्झ : २७० अंशांचा फरक. पुन्हा १.४१ पट.
- १००० हर्ट्झ : पूर्ण फेरा. दोन्ही काटे एकाच दिशेला, बेरीज दुप्पट.
- १५०० हर्ट्झ : दीड फेरा. पुन्हा शून्य.

पुढे हाच क्रम चालू राहतो. २५००, ३५०० वर शून्य, २०००, ३००० वर दुप्पट. आलेख काढला तर तो कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून याला कोंब फिल्टर म्हणतात. माणसाचं बोलणं समजायला लागणारे बरेच सूर याच पट्ट्यात असतात. ते मधूनमधून कापले गेले की आवाज पोकळ वाटतो.

प्रत्यक्षात लांबच्या माईकचा आवाज थोडा क्षीण असतो, त्यामुळे बेरीज अगदी शून्य होत नाही, खड्डा पडतो. ओळखायचं कसं? वक्ता डोकं हलवतो तेव्हा अंतर बदलतं, खड्डे सरकतात आणि आवाजाचा पोत बदलत राहतो. एक माईक बंद केल्यावर आवाज भरून आला, तर दोष स्पीकरचा नाही, या मिलिसेकंदाचा आहे. इक्वलायझरची बटणं फिरवूनही तो नीट जात नाही, कारण जो सूर बेरजेत शून्य झाला तो वाढवायला काही उरलेलंच नसतं.

दुसरा नियम : काटे फिरवले की वारंवारता सरकते

आता हाच नियम आरशात पाहा. वर आपण वेळ सरकवली आणि वारंवारतेच्या यादीतले काटे फिरले. उलट केलं तर? सिग्नलला वेळेबरोबर फिरत राहणाऱ्या काट्याने गुणलं, तर अख्खी यादी सरकते :

```
x(t) · e^(j2πf₀t)  →  X(f − f₀)
```

रेडिओ याच नियमावर चालतो. आवाजाच्या वारंवारता काही हजार हर्ट्झपर्यंतच्या. त्या तशाच लहरींवर पाठवायच्या तर अँटेना कित्येक किलोमीटरची लागेल. शिवाय सगळी केंद्रं एकाच जागेवर बोलतील. म्हणून प्रत्येक केंद्र आपला आवाज उचलून वेगळ्या जागी नेऊन ठेवतं. मुंबई आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची मध्यम लहरींवरची जागा ५५८ किलोहर्ट्झ.

निवेदकाच्या आवाजातला १ किलोहर्ट्झचा एक सूर घ्या आणि त्याला ५५८ किलोहर्ट्झच्या लहरीने गुणा. ही खरीखुरी लहर एका दिशेने फिरणारा एकच काटा नसते. ती सुलट आणि उलट फिरणाऱ्या दोन काट्यांची बेरीज असते. म्हणून एकाऐवजी दोन प्रती मिळतात, अर्ध्या अर्ध्या आकाराच्या. एक ५५७ वर आणि दुसरी ५५९ वर. आवाज ५ किलोहर्ट्झपर्यंत असेल तर तो ५५३ ते ५६३ अशी जागा व्यापणार. मध्यम लहरींवर आपल्याकडे जागा ९ किलोहर्ट्झच्या अंतराने ठरवलेल्या आहेत, म्हणजे पुढची ५६७. तिचाही पसारा ५६२ पासून सुरू होईल आणि कडा एकमेकींवर चढतील. म्हणून रिसीव्हर वरचे सूर कापतात आणि एफएमच्या तुलनेत हा आवाज दबका येतो.

एक गल्लत टाळा. रीलमध्ये स्पीड वाढवून आवाज चिरका करतात, ते हे सरकवणं नव्हे. स्पीड दीडपट केला की २००, ४००, ६०० चे ३००, ६००, ९०० होतात. सगळ्यांचं प्रमाण तेच राहतं, म्हणून सूर चढला तरी सुरेल राहतो. वारंवारता १०० ने सरकवली तर ३००, ५००, ७०० होतात. प्रमाणच मोडतं आणि आवाज विचित्र, यंत्रासारखा येतो. हॅम रेडिओवर ट्युनिंग थोडं चुकलं की हाच आवाज ऐकू येतो.

दोन्ही नियम एकत्र आले की

आवाज परत खाली कसा आणायचा? रिसीव्हरमध्ये पुन्हा ५५८ ने गुणायचं. ५५७ ची प्रत सरकून १ आणि १११५ वर जाते, ५५९ ची १ आणि १११७ वर. वरच्या दोन गाळून टाकल्या की १ किलोहर्ट्झचा सूर हातात.

पण इथे पहिला नियम आडवा येतो. लहर केंद्रापासून तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. ५५८ किलोहर्ट्झचा एक फेरा सुमारे १.७९ मायक्रोसेकंदांचा. त्याचा पाव भाग ०.४५ मायक्रोसेकंद आणि तेवढ्यात रेडिओलहर सुमारे १३४ मीटर जाते. समजा रिसीव्हरमधली लहर आलेल्या लहरीशी अगदी जुळलेली आहे. आता रिसीव्हर तसाच चालू ठेवून केंद्रापासून १३४ मीटर लांब न्या. आलेली लहर पाव फेरा मागे पडली. ५५७ आणि ५५९ मधून खाली आलेले १ किलोहर्ट्झचे दोन तुकडे आता एकमेकांच्या विरुद्ध दिशेला येतात. बेरीज शून्य, आवाज गुल. दोन माईकच्या ५०० हर्ट्झला जे झालं तेच इथे झालं, फक्त इथे अख्खं भाषण गेलं.

यावरचा उपाय सोपा आहे. केंद्र आवाजाच्या दोन प्रतींबरोबर ५५८ ची मूळ लहरही पाठवतं. तिला कॅरिअर म्हणतात. कॅरिअरलाही तितकाच उशीर होतो, त्यामुळे ती आणि आवाजाच्या प्रती एकमेकांच्या हिशेबाने जुळलेल्याच राहतात. साध्या रेडिओला मग स्वतःची लहर जुळवत बसावं लागत नाही. याची किंमत म्हणजे ट्रान्समीटरची बरीचशी वीज त्या कॅरिअरवर जाते, जिच्यात एकही शब्द नसतो.

माईकवाल्याला कॅरिअरची सोय नाही. त्याच्याकडे दोन सोपे मार्ग आहेत : एक माईक बंद करायचा, किंवा दोन्ही माईक एकमेकांना चिकटवून ठेवायचे. अंतर ३४ वरून १ सेंटिमीटरवर आलं तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झवरून सुमारे १७,००० हर्ट्झवर जातो. तिथे बोलण्याचं फारसं काही उरलेलं नसतं.