पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब

सत्र संपायला तीनेक आठवडे उरले की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरीचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: अजून किती लेक्चरना बसलं म्हणजे परीक्षेला बसता येईल? उत्तर काढायला चौथी-पाचवीचं गणित पुरतं. तरीही दरवर्षी मुलं चुकतात. कारण त्यांची नजर स्क्रीनवरच्या टक्केवारीवर असते, आणि टक्केवारीत मुळातले दोन आकडे दिसेनासे होतात: तास झाले किती आणि आपण बसलो किती.

आधी नियम नीट वाचायला हवा. मुंबई विद्यापीठाचा ऑर्डिनन्स ६०८६ सत्र मान्य होण्यासाठी दोन अटी घालतो. लेक्चर, प्रॅक्टिकल, ट्यूटोरियल असे सगळे तास धरून सरासरी हजेरी किमान ७५ टक्के हवी, आणि शिवाय प्रत्येक विषयात ती किमान ५० टक्के हवी. बहुतेकांना पहिली अट पाठ असते, दुसरी डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर कळते. 

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. विद्यार्थिनी काल्पनिक आहे, पण असे आकडे कुठल्याही वर्गात सापडतील. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या पोर्टलवर सहा ओळी दिसतात. रसायनशास्त्राचे ४० तास झाले, त्यांतल्या २७ ना ती हजर. भौतिकशास्त्र ३८ पैकी ३०, गणित ३६ पैकी १७, पर्यावरण २२ पैकी १८. प्रॅक्टिकलचा एक टर्न एक तास धरला आहे. त्यात रसायनशास्त्र १२ पैकी ११ आणि भौतिकशास्त्र १२ पैकी १०.

प्रत्येक ओळीपुढे टक्केवारी आहे. ती मोबाइलवर सहा टक्केवाऱ्यांची बेरीज करते, सहाने भागते, आणि उत्तर येतं ७५.०८. सुटलो!

पण ती सुटलेली नाही. सहा टक्केवाऱ्यांची सरासरी काढताना १२ तासांच्या प्रॅक्टिकलला ४० तासांच्या रसायनशास्त्राइतकंच वजन मिळतं. प्रॅक्टिकल सहसा कोणी बुडवत नाही, कारण तिथे जर्नलवर सही घ्यायची असते. त्यामुळे ही सरासरी फुगते. नियमाला हवी आहे ती एकूण तासांवरची हजेरी. सगळे झालेले तास मिळून १६० होतात, हजर तास ११३. भागाकार ७०.६३ टक्के. काही पोर्टलवर वरच्या कोपऱ्यात जो ‘ओव्हरऑल’ आकडा असतो, तो यांतल्या कुठल्या पद्धतीनं काढला आहे हे एकदा स्वतः बेरीज करून तपासून घ्यावं.

१६० मधून ११३ गेले, म्हणजे ४७ गैरहजेऱ्या. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आता सलग किती तास बसलं की ती ७५ टक्क्यांना पोचेल? इथे मुलं १६० चे ७५ टक्के काढतात. ते येतात १२०, मग ११३ वजा करून म्हणतात, सात लेक्चर कमी आहेत, या आठवड्यात भरून काढू. पण ती सात लेक्चर होतील तेव्हा झालेल्या तासांचा आकडाही सातनं वाढून १६७ होईल. १६७ पैकी १२० म्हणजे जेमतेम ७१.८६ टक्के. खरा हिशेब असा: झालेल्या तासांची तिप्पट करायची आणि त्यातून हजर तासांची चौपट वजा करायची. ४८० वजा ४५२, म्हणजे २८ तास. पडताळा घेऊ: १८८ पैकी १४१, बरोबर ७५ टक्के.

तिप्पट आणि चौपट कुठून आली? पंचाहत्तर टक्के म्हणजे चारांत तीन. एक गैरहजेरी भरून निघायला तीन हजेऱ्या लागतात, तेव्हा चार तासांचा हिशेब जुळतो. ४७ गैरहजेऱ्यांना १४१ हजेऱ्या हव्यात. तिच्याकडे ११३ आहेत, म्हणून २८ कमी. सात आणि अठ्ठावीस यांतला फरकही हाच आहे, चौपटीचा.

अठ्ठावीस आकडा हाती आला की काम संपलं असं वाटतं, पण तो फक्त रेषेपर्यंत पोचवतो. नियम बघतो सत्राच्या शेवटची हजेरी. १४१ वर पोचून तिनं पुढचं एकच लेक्चर बुडवलं तर १८९ पैकी १४१ होतात, म्हणजे ७४.६०. पोर्टल पूर्णांकात दाखवत असेल तर स्क्रीनवर ७५ च दिसतील. नियमात ‘किमान ७५’ म्हटलेलं असताना या गोल केलेल्या आकड्यावर विसंबू नये.

म्हणून दुसरा आकडा लागतो: सत्रात अजून किती तास व्हायचे आहेत. तो पोर्टलवर नसतो, वेळापत्रकातून काढावा लागतो. आपल्या विद्यार्थिनीला आठवड्याला १६ तास आहेत आणि तीन आठवडे उरलेत, म्हणजे ४८. त्यातून दोन सुट्ट्या आणि क्रीडादिनाचा दिवस मिळून आठ तास वजा. राहिले ४०. सत्रअखेर एकूण तास २००. त्यांच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ५० गैरहजेऱ्यांची मुभा. ४७ वापरून झाल्या. तीन उरल्या. थोडक्यात, ४० पैकी ३७ तासांना बसायचं. मला हा गैरहजेरीच्या बाजूनं केलेला हिशेब जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात एकच आकडा डोक्यात ठेवावा लागतो, आणि प्रत्येक सुट्टीला तो एकनं कमी होतो.

पण यातली ५० ची मुभा २०० तास झाले तरच आहे. शिक्षक रजेवर गेले आणि चार लेक्चर झालीच नाहीत, तर एकूण १९६ होतात, मुभा ४९, आणि तिच्या हातात दोनच गैरहजेऱ्या राहतात. लेक्चर रद्द झालं की वर्ग खूश होतो, पण ज्याची हजेरी कमी आहे त्याची भरून काढायची एक संधी गेलेली असते. पोर्शन लवकर संपला म्हणून शेवटचा आख्खा आठवडाच सुटला तर? सोळा तास गेले. एकूण १८४, मुभा ४६, आणि तिच्या गैरहजेऱ्या आधीच ४७. उरलेल्या २४ च्या २४ तासांना बसूनही ती रेषेखालीच राहील. ज्यांचा हिशेब असा काठावर आहे त्यांनी शेवटच्या आठवड्यावर काही ठेवू नये.

विषयवार अटीचं काय? गणितात ३६ पैकी १७, म्हणजे ४७.२२ टक्के, पन्नासच्या खाली. गणिताचे अजून दहा तास व्हायचे आहेत असं धरू. एकूण ४६, निम्मे २३, म्हणजे दहापैकी सहा तरी हवेत. एकूण अटीसाठी ती ३७ तास बसणारच आहे, आणि तिन्ही सुट्ट्या गणितातच घेतल्या तरी सात होतात. इथे दुसरी अट पहिलीबरोबर आपोआप सुटते. पण कोणी बाकी विषयांत ९० टक्के असून एकाच विषयाला फिरकतच नसेल, तर त्याची एकूण हजेरी उत्तम दिसत असताना हीच अट अडवते.

हे सगळं गणित स्क्रीनशॉटवरचे आकडे खरे असतील तर खरं. म्हणून स्क्रीनशॉट हाती आला की आधी त्यावरची तारीख शोधावी. पोर्टलवर ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि स्क्रीनशॉट कापताना नेमकी तीच ओळ जाते. वरच्या उदाहरणात समजा भौतिकशास्त्राचा स्क्रीनशॉट दीड आठवडा जुना निघाला, आणि त्यावर ३२ पैकी २७ होते. तोच धरला तर एकूण बेरीज १५४ पैकी ११० येते आणि उत्तर २८ ऐवजी २२. सहा तासांचा फरक, कारण मधल्या काळात झालेल्या सहा तासांपैकी तिनं तीन बुडवले होते. सगळ्या विषयांचे स्क्रीनशॉट एकाच दिवशी, एकामागोमाग एक घ्यावेत. त्यातही एखाद्या शिक्षकांनी आठवड्याची हजेरी अजून भरलेली नसते, म्हणून प्रत्येक विषयातली शेवटची नोंद कोणत्या दिवसाची आहे तेही पाहावं.

दुसरी तपासणी बेंचवरच्या शेजाऱ्याबरोबर करता येते. हजर तास दोघांचे वेगळे असणारच, पण एकाच वर्गात, एकाच बॅचमध्ये झालेले तास सारखेच हवेत. तुमचे ३८ आणि त्याचे ३६ दिसत असतील तर कुठेतरी गडबड आहे: प्रॅक्टिकलची नोंद दुसऱ्या बॅचमध्ये गेली असेल, एकच लेक्चर दोनदा चढलं असेल, किंवा तुमचा प्रवेश उशिरा झाला असून त्याआधीचे तास धरले असतील किंवा वगळले असतील. मग दिवसवार तक्ता उघडून तो तास शोधायचा.

ही शोधाशोध करण्याजोगी आहे, कारण चुकून लागलेली एक गैरहजेरी चार तासांना पडते. सूत्रात हजर तासांची चौपट आहे ना! ऑर्डिनन्समध्येच म्हटलं आहे की अभ्यासक्रमात धरलेली आणि कॉलेजनं शिक्षकांच्या देखरेखीखाली नेलेली अभ्यास सहल त्या दिवशीच्या तासांची हजेरी म्हणून धरावी. आपली विद्यार्थिनी अशा सहलीला गेली होती आणि त्या दिवशीच्या तीन तासांना तिच्यापुढे गैरहजर लागलंय, असं निघालं तर? ते हजर झाले की ११३ चे ११६ होतात आणि २८ तासांची गरज १६ वर येते. कार्यालयानं ते तीन तास तिच्या हिशेबातून नुसते वगळले, तर १५७ पैकी ११३ राहतात आणि गरज १९ ची. म्हणून अर्जात ‘हे तास हजर धरावेत’ असं स्पष्ट लिहावं.

नियम बदलला की सूत्र बदलतं. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत लॉच्या विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी सांगितली आहे. अपवादात्मक कारण असेल तर विषयात ६५ वर सूट देता येते, पण तेव्हा सगळे विषय मिळून ७० हवेत. तिथे झालेल्या तासांची सातपट, वजा हजर तासांची दहापट, भागिले तीन, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. ४० पैकी २७ असतील तर १० भागिले ३, म्हणजे चार तास. तीनच बसलं तर ६९.७७ वर अडकतं.

एक्सेलमध्ये B रकान्यात हजर तास आणि C मध्ये झालेले तास लिहिले, तर ७५ आणि ७० टक्क्यांसाठी ही दोन सूत्रं पुरतात:

```
=MAX(0, 3*C2-4*B2)
=MAX(0, ROUNDUP((7*C2-10*B2)/3, 0))
```

दुरुस्तीचा अर्ज वर्गशिक्षकांकडे द्यायचा तो डिफॉल्टर लिस्ट अंतिम व्हायच्या आत. विषय, तारीख, कितवा तास आणि शिक्षकांचं नाव अर्जात असावं. सोबत तारखेची ओळ न कापलेला पूर्ण स्क्रीनशॉट, आणि सहल असेल तर सहलीच्या यादीची प्रत जोडावी. प्रॅक्टिकलची नोंद चुकली असेल तर जर्नलमधली त्या तारखेची सही दाखवता येते.