जिफ चलचित्रखंड
जिफ चलचित्रखंड : चित्रफितीतील काही सेकंदांचा भाग निवडून तयार केलेले, ध्वनिरहित व आपोआप पुनःपुन्हा चालणारे लहान चलचित्र. हे ज्या संचिकेत साठवतात तिची रचना कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये स्थिर चित्रांसाठी प्रसिद्ध केली. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चौकट किती वेळ दाखवावी हे नोंदविण्याची व पारदर्शक बिंदूंची सोय झाली. चित्रमालिका अखंड फिरत ठेवण्याची खूण पुढे नेटस्केप या न्याहाळकाबरोबर (ब्राउझरबरोबर) रूढ झाली. मूळ रचना चित्रफितीसाठी नसल्यामुळे आकारमान, गती व रंग यांपैकी एकाचा लाभ बहुधा दुसऱ्याच्या हानीनेच मिळतो.

आवर्तनाची निवड : चांगल्या खंडाची अखेरची चौकट पहिल्या चौकटीशी बेमालूम जुळावी लागते. म्हणून ज्या दृश्यात मूळचीच पुनरावृत्ती आहे, ते या कामास सोयीचे असते. मुंबईतील कुर्ला येथील लोकमान्य टिळक टर्मिनसमधून सुटलेली व ठरावीक वेग गाठलेली लांब पल्ल्याची गाडी हे याचे चांगले उदाहरण होय. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून रुळांशी काटकोनात रोखल्यास एकसारखे डबे एकामागून एक समोरून जातात. एका डब्याचे चित्रण सतत फिरवले, तर न संपणारी गाडी जात असल्याचा भास होतो.

डब्याची जोडासह लांबी सुमारे २४ मी. व गाडीचा वेग ताशी ३६ किमी., म्हणजे सेकंदाला १० मी. मानल्यास एक डबा २.४ सेकंदांत पुढे सरकतो. मोबाइलने सेकंदाला ६० चौकटींनी चित्रण केले असेल, तर या अवधीत १४४ चौकटी येतात. प्रत्यक्षात वेगाचा अंदाज न करता दोन डब्यांमधील फट एखाद्या खांबापाशी आल्यापासून पुढची फट त्याच खांबापाशी येईपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. ज्या चौकटीत दुसरी फट खांबापाशी येते, ती चौकट खंडात घ्यावयाची नसते, कारण ती पहिलीचीच प्रतिकृती असते. ती घेतल्यास प्रत्येक फेरीला गाडी क्षणभर अडखळल्यासारखी दिसते. चौकटी कमी पडल्या, तर गाडी सांध्यावर उडी मारते. डबे सरळ जुळूनही पार्श्वभूमी दचकत असेल, तर दोष फलाटावरील माणसांचा किंवा हललेल्या कॅमेऱ्याचा असतो. अशा वेळी पार्श्वभूमी एकाच चौकटीतून घेऊन ती सर्वत्र स्थिर ठेवतात.

गतीची मर्यादा : जिफमध्ये चौकटीचा अवधी सेकंदाच्या शंभराव्या भागांच्या पूर्णांकांतच लिहिता येतो. त्यामुळे सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी अचूकपणे ठेवता येत नाहीत. ५ भागांचा अवधी दिल्यास २० चौकटी व १० भागांचा दिल्यास १० चौकटी होतात. एक शतांश सेकंदाचा किंवा शून्य अवधी लिहिल्यास बहुतेक न्याहाळक तो १० शतांश धरतात आणि चित्र वेगवान होण्याऐवजी रेंगाळते. ६० चौकटींच्या मूळ चित्रणातून दर तिसरी चौकट घेतल्यास २० चा व दर सहावी घेतल्यास १० चा दर समान अंतराने मिळतो.

आकारमान कमी व्हावे म्हणून १० चा दर निवडणे साहजिक वाटते. परंतु वरील गाडी त्या दराने प्रत्येक चौकटीत १ मी. सरकते. खिडक्यांमधील अंतर १.६ मी. मानल्यास प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीच्या जुन्या जागेपासून केवळ ०.६ मी. मागे राहते. डोळा जवळचीच जोडी जुळवितो, म्हणून खिडक्या उलट दिशेने सरकल्याचा भास होतो. डब्यांमधील फट मात्र पुढेच जाते व दृश्य विस्कळित दिसते. २० च्या दराने सरकण ०.५ मी. होते. ती खिडक्यांमधील अंतराच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे दिशा योग्य दिसते. यावरून असा नियम निघतो, की दृश्यातील पुनरावर्ती घटकांच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा एका चौकटीतील सरकण कमी असावी.

आकारमान : जिफमध्ये प्रत्येक बिंदूसाठी संपीडनापूर्वी जास्तीत जास्त एक बाइट लागतो. १२८० × ७२० बिंदूंच्या १४४ चौकटी तशाच ठेवल्यास सुमारे १३.२७ कोटी बाइट होतात. रुंदी ४८० व उंची २७० केल्यास एका चौकटीत १,२९,६०० बिंदू राहतात. २० च्या दराने ४८ चौकटींचे ६२,२०,८०० बाइट व १० च्या दराने २४ चौकटींचे ३१,१०,४०० बाइट होतात. म्हणजे खिडक्यांची दिशा योग्य राखण्याची किंमत दुप्पट आकारमान ही आहे. ती कमी करावयाची झाल्यास दर घटविण्यापेक्षा चित्राचा अनावश्यक भाग कापणे अथवा मापे लहान करणे श्रेयस्कर ठरते. दोन्ही बाजू निम्म्या केल्यास बिंदू एकचतुर्थांश होतात.

यानंतरचे संपीडन ओळीतील बिंदू डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि पूर्वी आलेल्या क्रमांऐवजी संकेत लिहिते. म्हणून एकरंगी डब्याची बाजू थोड्या जागेत मावते. मागील चौकटीपेक्षा न बदललेले बिंदू पारदर्शक मानून वगळता येतात. कॅमेरा स्थिर असण्याचा दुसरा लाभ हाच होय. कॅमेरा किंचित जरी हलला, तरी स्थिर आकाश व फलाटही प्रत्येक चौकटीत पुन्हा साठवावे लागतात. वस्तू किती सरकली एवढेच नोंदविण्याची आधुनिक चित्रफितीतील युक्ती जिफमध्ये नाही. त्यामुळे तेच दृश्य चित्रफीत म्हणून साठविल्यास बहुधा पुष्कळच लहान होते.

रंगमर्यादा : चित्रफितीत सुमारे १.६८ कोटी रंगछटा शक्य असतात. जिफच्या एका रंगसूचीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. सूची तयार करताना दृश्यात अधिक क्षेत्र व्यापणाऱ्या छटांना अधिक जागा मिळते. पावसाळी आकाशाच्या करड्या छटा बहुतेक सूची व्यापतात आणि सिग्नलचा छोटा लाल दिवा तपकिरी दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे आकाश कापून टाकणे. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र सूची देता येते, परंतु तिचे ७६८ बाइट दरवेळी वाढतात आणि स्थिर पार्श्वभूमीचा रंग लुकलुकण्याचा संभव असतो.

रंग कमी पडल्यास आकाशात पट्टे उमटतात. जवळच्या दोन रंगांचे ठिपके मिसळून पट्टे लपविता येतात. फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांच्या १९७६ च्या पद्धतीत प्रत्येक बिंदूची रंगचूक शेजारच्या बिंदूंत वाटली जाते. स्थिर चित्रात ती उत्तम दिसते. परंतु चलचित्रात थोड्याशा बदलानेही ठिपक्यांची मांडणी पालटते व पृष्ठभाग उकळत असल्यासारखा दिसतो. शिवाय सलग रंग तुटल्यामुळे संपीडन बिघडते. ठराविक जाळीनुसार ठिपके मांडणाऱ्या पद्धतीत नक्षी थोडी दिसते, परंतु ती जागेवर स्थिर राहते व आकारमान कमी वाढते. म्हणून गाडीसारख्या दृश्यासाठी जाळीची पद्धत, तर सपाट रंगांच्या रेखाचित्रांसाठी ठिपक्यांशिवाय छपाईसारखे सपाट रंग योग्य ठरतात. सूचीतील रंग २५६ वरून १२८ केल्यास संपीडनापूर्वी प्रत्येक बिंदूमागे आठांपैकी एकच अंक वाचतो. त्यामुळे रंग घटविण्याचा उपाय मापे व कापणी यांनंतरच योजावा.