तिसऱ्या तासाची वीस मिनिटे

पीएचडीचा विषय मंजूर झाला आणि मार्गदर्शकांनी प्रश्नावली तपासून दिली, की संशोधकाला महाविद्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हातात एक अर्ज असतो. त्यातले मुख्य वाक्य बहुतेक ठिकाणी एकच: ‘आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून संशोधनासाठी माहिती संकलित करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ भाषा नम्र आहे, चूक काहीच नाही. पण प्राचार्यांनी यावर निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा? किती मुले, कोणत्या वर्गातली, किती वेळ, कोणता तास बुडणार, प्रश्न काय विचारणार, पालकांची तक्रार आली तर उत्तर कोण देणार, यातले काहीच त्या वाक्यात नाही. मग अर्जावर ‘विभागप्रमुखांनी पाहावे’ असा शेरा पडतो आणि तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

अर्जात हे सगळे लिहायचे तर संशोधकाला ते आधी ठरवावे लागते. माझ्या मते अर्जाचा खरा उपयोग तिथेच आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका संशोधिकेला तालुक्याच्या गावी एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करायचा आहे: प्रवासात किती वेळ जातो आणि त्यापायी किती तास बुडतात. महाविद्यालयात पदवीचे 1200 विद्यार्थी आहेत. सगळ्यांना विचारणे शक्य नाही. नमुना किती घ्यावा यासाठी आपल्याकडे यामाने यांचे सूत्र सर्रास वापरतात. पाच टक्के चूक मान्य धरली, तर 1200 ला 4 ने भागायचे. उत्तर येते 300. म्हणजे चारांतला एक. प्रथम वर्षाला 540, द्वितीयला 360 आणि तृतीयला 300 विद्यार्थी असतील, तर अनुक्रमे 135, 90 आणि 75 जणांना विचारायचे. प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर पहिल्या चार क्रमांकांतून एक चिठ्ठीने काढायचा आणि तिथून दर चौथा घ्यायचा. समजा 3 आला, तर 3, 7, 11 असे पुढे.

आता गंमत बघा. यासाठी कार्यालयाकडून फक्त वर्गवार पटसंख्या लागते. तरीही अनेक अर्जांत ‘विद्यार्थ्यांची नावे व मोबाइल क्रमांकांची यादी मिळावी’ अशी ओळ असते आणि जागरूक प्राचार्य तिथेच पेन खाली ठेवतात.

पुढचा प्रश्न वेळेचा. सोयीची वेळ म्हणजे पहिला तास, कारण वर्ग ताजा असतो आणि शिक्षकही तयार होतात. पण या अभ्यासात पहिला तास घेतला तर सगळेच फसेल. ज्यांची गाडी उशिरा येते, ज्यांचा पहिला तास हमखास बुडतो, तीच मुले वर्गात नसणार. राहतील ती गावातली आणि दुचाकीवरून येणारी. ‘प्रवासामुळे तास फारसे बुडत नाहीत’ असा सुबक निष्कर्ष निघेल आणि तो साफ चुकीचा असेल. शेवटच्या तासाला दुसरीच अडचण असते. स्टँडवर गाडी लागलेली असते, त्यामुळे मुले दिसेल त्या चौकोनात बरोबरची खूण करून पळतात. एकाखाली एक सगळ्या खुणा एकाच रकान्यात दिसल्या, की समजावे. म्हणून तिसरा तास. हे कारण अर्जात एका वाक्यात लिहिले, तर ‘केव्हाही या, मोकळा वर्ग बघून घ्या’ असे उत्तर मिळण्याची शक्यता कमी होते.

दिवसही बघून मागावे लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा, हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि स्नेहसंमेलन, फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेचे केंद्र. गणपतीची सुट्टी वगळून ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यातल्या त्यात निवांत काळ.

एवढे ठरले, की अर्जाचा गाभा असा होतो:

‘विषय: पदवी वर्गांतील 300 विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदया, एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवासाचा वेळ आणि बुडणारे तास हा माझ्या पीएचडी संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आपण ठरवाल त्या तीन दिवशी, तिसऱ्या तासाची वीस मिनिटे मिळावीत. पहिल्या तासाला उशिरा येणारे विद्यार्थी सुटतात, म्हणून ही वेळ मागत आहे. प्रश्न 24 आहेत. प्रश्नावलीवर नाव, हजेरी क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक लिहायचा नाही. भाग घेणे ऐच्छिक राहील. प्रबंधात महाविद्यालयाचे नाव येणार नाही. प्रश्नावली, नोंदणीपत्र आणि मार्गदर्शकांचे शिफारसपत्र सोबत जोडले आहे.’

पान एकच. बाकी सगळे जोडपत्रांत.

यातल्या गोपनीयतेच्या ओळीबद्दल थोडे सांगायला हवे. ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ हे आश्वासन प्रश्नावलीच्या माथ्यावर छापायचे आणि त्याखाली नाव, वर्ग, मोबाइल असे रकाने द्यायचे, हा प्रकार नेहमीचा आहे. नाव काढले तरी माणूस लपतोच असे नाही. एखाद्या वाडीतून तृतीय वर्ष विज्ञानाला एकच मुलगी येत असेल, तर गावाचे नाव विचारणे म्हणजे तिचेच नाव विचारणे. गावाऐवजी ‘10 किलोमीटरपर्यंत’, ‘10 ते 25’, ‘25 च्या पुढे’ असे अंतराचे गट ठेवले की काम भागते.

प्राचार्यांची सही म्हणजे महाविद्यालयात शिरण्याची मुभा. विद्यार्थ्याची संमती तिच्यात येत नाही, ती त्याच्याकडूनच घ्यायची असते. वर्गशिक्षक समोर उभे राहून ‘सगळ्यांनी भरून द्या रे’ म्हणाले, की ऐच्छिकपणा संपला. शिक्षकांनी ती वीस मिनिटे वर्गाबाहेर थांबावे, ही विनंती त्यांना आधीच, नीट समजावून करावी लागते. जरा अवघड वाटते, पण करावी. ज्याला भरायचे नाही त्याने कोरा कागद परत द्यावा. बाक सोडून उठावे लागत नाही, म्हणून कोणी भरले नाही हे वर्गाला कळतही नाही.

वयाची अडचण वेगळी. आपल्याकडे वरिष्ठ आणि कनिष्ठ महाविद्यालय बऱ्याचदा एकाच आवारात, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली असते. म्हणून अकरावी-बारावीलाही त्याच अर्जात गुंडाळण्याचा मोह होतो. ती मुले बहुतेक 18 वर्षांखालची, त्यामुळे तिथे पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असे दोन्ही घ्यावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये झालेल्या कायद्यातही 18 पूर्ण न झालेली व्यक्ती बालकच धरली आहे. संशोधनाला त्यात काही अटींवर सवलत आहे, पण तिच्या भरवशावर पालकांना टाळू नये. ऑगस्टमध्ये प्रथम वर्षातही काही जण सतराचेच असतात. त्यांच्यासाठी पालकांची चिठ्ठी आठवडाभर आधी घरी पाठवावी लागते. ती परत न आलेल्यांना वगळले, तर किती वगळले हे प्रबंधात नोंदवावे.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक आवक बारनिशीला नोंदवून द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. नाहीतर पंधरा दिवसांनी ‘कोणता अर्ज?’ इथून सुरुवात होते. होकार तोंडी मिळाला तरी जावक क्रमांकासह पत्र मागून घ्यावे, कारण परवानगीचा पुरावा पुढे मौखिकीच्या वेळी विचारला जाऊ शकतो. मात्र प्रबंधाच्या परिशिष्टात ते लावताना लेटरहेड आणि शिक्का झाकायला विसरू नये. महाविद्यालयाचे नाव येणार नाही असा शब्द आपणच दिलेला असतो.

नकारही येतो. अशा वेळी ओळखीच्या सरांचे महाविद्यालय गाठणे सोपे असते. पण ते शहरातले असेल आणि तिथली मुले रिक्षाने येत असतील, तर एसटीचा अभ्यास तिथे होणार नाही. साधारण तेवढ्याच पटाचे, तेवढ्याच खेड्यांतून मुले येणारे दुसरे महाविद्यालय शोधावे, तिथली पटसंख्या घेऊन 300 चा हिशेब नव्याने मांडावा आणि पहिल्या ठिकाणी परवानगी मिळाली नाही हे नाव न घेता प्रबंधात लिहावे.