सोडून गेलेले वर्गणीदार: कोण परततो आणि केव्हा

ओटीटी सेवेची वर्गणी बंद करणारा माणूस बहुधा कायमचा जात नाही. अमेरिकेतील अँटेना या माहिती-विश्लेषण कंपनीने 2024च्या सुरुवातीला दिलेल्या आकड्यांनुसार, तिथे एखादी सेवा सोडणाऱ्या चौघांपैकी एक जण चार महिन्यांत त्याच सेवेकडे परततो, तिघांपैकी एक जण सात महिन्यांत आणि जवळपास निम्मे लोक दोन वर्षांत. मात्र ही सरासरी आहे. कोण परततो आणि कधी, हे तो का गेला यावर बरेच अवलंबून असते. म्हणून गेलेल्यांचा हिशेब कारणानुसार वेगळा मांडावा लागतो.

हिशेबाची रीत दाखवण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सेवेचे 1,000 वर्गणीदार जानेवारीत बंद झाले. 400 जणांनी ‘महाग वाटते’ हे कारण दिले, 300 जणांनी ‘पाहायचे ते पाहून झाले’ असे सांगितले, 100 जण व्हिडिओ अडकत असल्यामुळे गेले आणि उरलेल्या 200 जणांचे पैसेच कापले गेले नाहीत. वर्षभरात पहिल्या गटातून 140, दुसऱ्यातून 120, तिसऱ्यातून 10 आणि चौथ्यातून 120 जण परतले.

नुसती परतलेल्यांची यादी पाहिली, तर ‘महाग वाटते’ म्हणणारेच सर्वांत जास्त परततात असे दिसते. पण 400 पैकी 140 म्हणजे 35 टक्के, तर पैसे न कापले गेलेल्या 200 पैकी 120 म्हणजे 60 टक्के. पाहून झालेल्यांचे प्रमाण 40 टक्के, तक्रारदारांचे अवघे 10 टक्के. भागाकार नेहमी त्या कारणाने गेलेल्या एकूण लोकांनी करायचा. तो विसरला की क्रम उलटा लागतो.

पैसे न कापले गेलेले लोक खरे तर सोडून गेलेलेच नसतात. कार्डाची मुदत संपते, खात्यात रक्कम नसते किंवा परवानगी अडते. भारतात 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वसुलीचे नियम लागू झाले, तेव्हा नव्याने परवानगी न दिलेल्या अनेक कार्डांवरची आपोआप होणारी वसुली थांबली. असे लोक बहुधा काही दिवसांत किंवा पहिल्याच महिन्यात परततात. त्यांना इतरांत मिसळले, तर एकूण परतीचा काळ फसवा, अगदी छोटा दिसतो.

‘पाहून झाले’ म्हणणाऱ्यांचा महिना सेवा ठरवत नाही, कार्यक्रम ठरवतो. मालिकेचा पुढचा भाग सहा महिन्यांनी आला तर ते सहा महिन्यांनी येतात. क्रिकेटसाठी आलेले पुढच्या हंगामात, म्हणजे साधारण वर्षाने. 2023च्या आयपीएलचे डिजिटल हक्क जिओसिनेमाकडे गेले आणि डिस्ने+ हॉटस्टारचे वर्गणीदार ऑक्टोबर 2022 मधील 6.13 कोटींवरून जुलै 2023 पर्यंत 4.04 कोटींवर आले. ज्यासाठी परतायचे तेच तिथे उरले नव्हते.

‘महाग वाटते’ या उत्तरावर मात्र लगेच विश्वास ठेवू नये. पर्यायांच्या यादीत ते सहज निवडता येते. शेवटच्या दोन महिन्यांत त्या व्यक्तीने काय पाहिले, ते तपासावे: रोज पाहणारा खरोखर किमतीमुळे गेला असू शकतो, काहीच न पाहणाऱ्याला बहुधा सेवेची गरजच उरली नव्हती. सवलत पहिल्याला आणेल, दुसऱ्याला क्वचितच.

सवलतीचे यशही सरळ मोजता येत नाही. उदाहरणातील सेवेने दिवाळीला, म्हणजे दहाव्या महिन्यात, किमतीमुळे गेलेल्या 250 जणांना निम्म्या दराचा संदेश पाठवला, 40 परतले. तशाच 60 जणांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, मुद्दाम काहीच पाठवले नाही. तरी 6 परतले. म्हणजे 16 टक्क्यांपैकी 10 टक्के लोक तसेही आले असते. सवलतीने आणलेले सुमारे 15, आणि उरलेल्या 25 जणांना पूर्ण दर देण्याची तयारी असताना निम्म्या दरात सेवा मिळाली. शिवाय 60 जणांचा गट फार लहान आहे. दोन-तीन माणसांच्या फरकाने निष्कर्ष बदलतो. प्रत्यक्षात असा गट हजारांत असावा.

सर्वांत नेहमीची चूक कालावधीची. ऑक्टोबरमध्ये गेलेल्यांना डिसेंबरअखेर परतायला जेमतेम दोन-तीन महिने मिळालेले असतात. त्यांची तुलना जानेवारीत गेलेल्यांच्या वर्षभराच्या आकड्याशी केली, की सेवेची अवस्था बिघडल्याचा भास होतो. दोन्ही गटांचे पहिले दोन महिनेच शेजारी ठेवावेत. एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी 1958 मध्ये मांडलेली पद्धत यासाठीच उपयोगी पडते: ज्यांचा काळ अजून पुरा झालेला नाही, त्यांना ‘परतले नाहीत’ असे न धरता, जितका काळ दिसला तितकाच ती हिशेबात घेते.

व्हिडिओ अडकतो म्हणून गेलेल्यांना सवलतीचा संदेश पाठवणे व्यर्थ आहे. त्यांना एकच संदेश जावा, दोष दूर झाल्याचा, आणि तोही तो खरोखर दूर झाल्यावरच.