स्पष्ट चेहरा, पण कुणाचा?

लग्नाच्या जुन्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून घ्यायचा, फोटो सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचा आणि काही सेकंदांत भिंतीवर लावण्याजोगी प्रत मिळवायची, हे आता पुष्कळ घरांत चालतं. निकाल पाहून नातवंडं खूश होतात. बुबुळं चमकतात, मिशीचा केस न् केस सुटा दिसतो. ज्यांनी आजोबांना पाहिलंय त्या थोरल्या आत्या मात्र कधीकधी म्हणतात, "छान आलाय रे, पण हे अण्णा नाहीत."

आत्यांचं म्हणणं शब्दशः खरं असू शकतं. ग्रुप फोटोत एकेक चेहरा जेमतेम चाळीस-पन्नास पिक्सेल रुंद असतो. पापणीची घडी कशी होती, ओठाचा कोपरा कुठे वळत होता, ही माहिती त्यात उरलेलीच नसते. जीएफपीगॅन, कोडफॉर्मर यांसारखी मॉडेलं फ्लिकरवरून जमवलेल्या 70,000 चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलेली आहेत. धूसर जागी ती शोभेल असा तपशील भरतात. भरलेली पापणी पापणीसारखीच दिसते, पण ती अण्णांची असेलच असं नाही.

मग नातवाला हे का कळत नाही? कारण त्याच्या डोळ्याला अण्णांचा चेहरा अनोळखी आहे, आणि अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत माणसाची नजर आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कच्ची असते. ब्रिटनमध्ये रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 40 फोटो दिले आणि एकेका व्यक्तीचे फोटो एकत्र ठेवायला सांगितलं. फोटो होते फक्त दोन डच तारकांचे, प्रत्येकीचे वीस. ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ ढीग केले, म्हणजे दोन बायकांच्या सात-आठ बायका झाल्या. त्या दोघी ज्यांच्या ओळखीच्या होत्या त्या डच लोकांना दोनच ढीग करणं सोपं गेलं. फोटो बहुधा सुधारून घेते ती पुढची पिढी, आणि तिने तर तो माणूस पाहिलेलाच नसतो. आत्या आहेत तोवर त्यांना विचारावं. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न उरतो.

इथे चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलांचा उपयोग होतो. त्यांतलं आर्कफेस हे बरंच वापरलं जातं. ते आधी फोटोतले दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदू शोधतं, त्यांच्या आधारे चेहरा सरळ करतं आणि 112 बाय 112 पिक्सेलचा तुकडा घेतं. त्या तुकड्यातून 512 आकड्यांची एक ओळ निघते. तिला एम्बेडिंग म्हणतात. यातला अमुक आकडा नाकाचा आणि तमुक हनुवटीचा, असं काही नसतं. शिकताना मॉडेलवर एकच सक्ती असते: एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो एका दिशेला यावेत आणि दुसऱ्या माणसाचे दूर जावेत. त्यामुळे ही ओळ म्हणजे एका बाणाची दिशा समजावी. दोन फोटोंच्या बाणांमधला कोन जितका लहान, तितके चेहरे जवळचे. या कोनाची कोसाइन किंमत म्हणजे साम्याचा आकडा. तोच फोटो दोनदा दिला तर 1 येतो. दोन परक्या माणसांचा बहुधा शून्याच्या आसपास राहतो.

फसगत सुरू होते ती आकडा हाती आल्यावर. "0.45 आला, म्हणजे पंचेचाळीस टक्के साम्य" हा अर्थ चूक आहे. तो आकडा टक्केवारी नाही आणि एकट्याने काहीच सांगत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी मोजपट्टी लागते. एका बाजूला त्याच माणसाचे इतर खरे फोटो आपसात किती जुळतात ते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच घराण्यातल्या दुसऱ्या माणसाशी ते किती जुळतात ते. परक्या माणसाशी तुलना इथे फारशी कामाची नाही, कारण बिघडलेला चेहरासुद्धा परक्यापेक्षा अण्णांच्या जवळच असणार. सख्ख्या भावाशी केलेली तुलनाच खरी परीक्षा घेते.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. अण्णांचे तीन बऱ्यापैकी स्पष्ट फोटो सापडले: नोकरीच्या ओळखपत्रावरचा, स्टुडिओतला आणि साठीच्या सुमाराचा. आपसात ते 0.62, 0.57 आणि 0.50 जुळतात, सर्वांत कमी आकडा वयातल्या अंतरामुळे आला. धाकट्या भावाचा फोटो या तिघांशी सरासरी 0.30 जुळतो. आता ग्रुप फोटोतून सुधारलेला चेहरा घ्यायचा आणि या तीन फोटोंशी ताडायचा. सरासरी आली 0.33. म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेला माणूस अण्णांशी जेमतेम त्यांच्या भावाइतकाच जुळतो. आत्या हेच सांगत होत्या.

कोडफॉर्मरमध्ये w नावाची एक मात्रा असते, शून्य ते एक. ती कमी ठेवली की चेहरा गुळगुळीत आणि सुबक येतो, पण मॉडेलच्या मनचा. वाढवली की मूळ फोटोशी इमान वाढतं आणि थोडी धूसरताही सोबत येते. w वाढवत गेल्यावर सरासरी 0.46 पर्यंत चढली, तर ती प्रत घ्यावी, जरी ती डोळ्याला पहिलीइतकी चकचकीत वाटली नाही तरी. डोळ्याला सुबकपणा आणि साम्य वेगळं काढता येत नाही. आकडा निदान सुबकपणाला भुलत नाही.

तुलना कशाशी करायची यात सर्वांत जास्त घोळ होतो. सहज मनात येतं की सुधारलेली प्रत मूळ धूसर फोटोशीच ताडावी. असं करू नये. दोन्हींत तीच मान, तोच प्रकाश, तीच सावली असल्याने आकडा उगाच चढू शकतो. शिवाय फार धूसर चेहऱ्याचं एम्बेडिंगच भरवशाचं नसतं; मॉडेलला त्यात धरायला काही मिळत नाही. तुलना नेहमी दुसऱ्या प्रसंगाच्या, समोरून घेतलेल्या फोटोशी करावी. मान बरीच वळलेली असेल तर खऱ्या माणसाचाही आकडा घसरतो, म्हणून एखाद्या कमी आकड्याने घाबरून न जाता तो फोटो उघडून पाहावा.

मॉडेललाही काही गोष्टी दिसत नाहीत. वय, हसू, उजेड यांनी ओळख बदलू नये असंच त्याला शिकवलेलं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअरने कपाळावरच्या आठ्या पुसल्या, अण्णांना पंधरा वर्षांनी तरुण केलं, तरी आकडा फारसा हलत नाही. गालावरचा तीळ गेला तर त्याला बहुधा पत्ताही लागत नाही. आत्यांच्या दृष्टीने मात्र तीळ गेला म्हणजे अण्णाच गेले. अशा खुणांची यादी आधीच करावी आणि त्या डोळ्यांनीच तपासाव्यात.

मॉडेल कुणाचे चेहरे पाहून शिकलं, यानेही फरक पडतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणन संस्थेने 2019 मध्ये अनेक प्रणाली तपासल्या. दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक वेगवेगळ्या वंशगटांत अनेकदा दहा ते शंभर पटींनी कमी-जास्त निघाली, आणि वृद्धांमध्येही ती वाढलेली दिसली. म्हणून इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेली "0.4 च्या वर म्हणजे तोच माणूस" अशी रेघ आपल्या घरच्या फोटोंना तशीच लावू नये. भावाचा आकडा घरचाच असतो, म्हणून तो जास्त विश्वासाचा. आणखी एक सावधगिरी: काही सुधारक मॉडेलं शिकतानाच आर्कफेससारख्या मॉडेलचे गुण वाढवायला शिकलेली असतात, जीएफपीगॅन त्यांतलंच. त्यांना त्याच पट्टीने मोजलं तर पेपर फोडून परीक्षा घेतल्यासारखं होतं. वेगळ्या घडणीचं दुसरं मॉडेल घेऊन क्रम तोच येतो का, ते बघावं.

आणि अण्णांचा एकच धूसर फोटो असेल, दुसरा कुठेच नसेल, तर मोजायला काही उरत नाही. तेव्हा आलेला प्रत्येक स्पष्ट चेहरा हा अंदाज असतो आणि तो बरोबर की चूक हे ठरवण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी मी तरी चेहऱ्याला हात लावू देणार नाही. ओरखडे आणि डाग काढावेत, कागदाचा पिवळेपणा कमी करावा, फोटो पोस्टकार्डाएवढाच छापावा. सुधारलेली प्रत हवीच असेल तर तिच्या मागे "चेहरा संगणकाने भरलेला" असं लिहून मूळ स्कॅन सोबत ठेवावं, म्हणजे पुढचा नातू या प्रतीलाच पुरावा धरून तिच्याशी दुसरे फोटो ताडणार नाही.